निकाली

पारादीपच्या विमा शाखेत कुंतला तराईला बोलावलं होतं ते फोटोसाठी. वादळाने तिचं जाळी-दोराचं दुकान छपरासकट उलटंपालटं केलं, त्याला तीन आठवडे झाले होते. पंधरा जूनला मासेमारीची बंदी उठून होड्या सुटणार. त्याआधी माल भरला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, ते कायमचंच. तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

"या माउसी, बसा," शाखाप्रमुख मोहंतीबाबू म्हणाले. टेबलाला दाराएवढा थर्माकोलचा चेक टेकवलेला. "पाच वाजेपर्यंत पेपरांना निवेदन पाठवायचंय. सोबत तुमचा फोटो."

"माझ्या तोंडाखाली काय छापणार, ते आधी वाचा."

बाबूंनी खाकरून वाचलं. "वादळग्रस्तांना दिलासा. तीनशे बारा दावे निकाली. कागद वाहून गेले असल्यास अडवणूक नाही. पॉलिसीची प्रत नको. साठ्याची वही नसेल तर घाऊक व्यापाऱ्याची बिलं चालतील. पाहणी झाली असेल तर अंतिम हिशेबाआधीच निम्मी रक्कम."

"गोड लिहिलंय. त्या तीनशे बारांत मी आहे?"

बाबूंनी संगणकात पाहिलं. "आहात की!"

"मग पैसे कुठे अडले?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. कान लाल झाले. "साठ्याची वही आली नाही, म्हणून दावा... बंद केलाय. बंद म्हणजे निकालीच."

"वा रे बाबू! आमच्याकडे माणूस गेला की गेला म्हणतात. तुमच्याकडे बरा झाला म्हणतात काय?"

पलीकडच्या कारकुनाने फायलीत तोंड खुपसलं.

"वही समुद्राने नेली. त्याची पोचपावती आणू?"

"सवलतीचा आदेश भुवनेश्वरहून कालच आला, माउसी."

"मग ती सवलत मला, की नुसती पेपर वाचणाऱ्यांना?"

उत्तराची वाट न पाहता तिने तिथूनच कटकच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. "आळस सोड आणि वर्षभराची बिलं मोबाइलवर पाठव!" अर्ध्या तासात बिलं आली. सर्वेक्षकाचा पाहणी अहवाल फायलीत होताच. बाबूंनी दावा पुन्हा उघडला, निम्म्या रकमेवर सही केली. मग निवेदनातला 'निकाली' खोडून 'पैसे दिलेले' लिहिलं आणि आकडा केला दोनशे एकोणनव्वद.

"वरचे विचारतील, तेवीस कुठे गेले?"

"सांगा, वहीसाठी अडवलेले परत उघडले. सगळे उघडा हं, माझ्या एकटीचा नको."

"आता तरी फोटो?"

"पैसे आल्यावर. आणि त्या थर्माकोलच्या पाटाशेजारी मी उभी राहणार नाही."

निवेदन त्या दिवशी फोटोविनाच गेलं. तिसऱ्या दिवशी खात्यात पैसे पडले, त्याच तासाला तिने ते कटकला धाडले. बारा जूनला जाळ्यांचा टेंपो दारात लागला, तेव्हा मोहंतीबाबू फोटोवाल्याला घेऊन हजर. कुंतलाने त्यांच्या हातात गठ्ठ्याचं एक टोक दिलं.

"धरा. आधी उतरवू, मग हसू."