चिंचोक्यांचा डबा

पहिलीत जाणारी पोरं दरवर्षी शाळेच्या दारात गळा काढायची. म्हणून केशोरीजवळच्या त्या गावात अंगणवाडीच्या सुशिलाबाईंनी यंदा एप्रिलमध्येच पोरांच्या आयांना आणि यंदा पहिल्यांदाच पहिली घेणाऱ्या उमेंद्र गुरुजींना एकत्र बसवून बेत ठरवला. पोरांनी आठवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात बसायचं, गुरुजींनी अंगणवाडीत येऊन पोरांची गाणी शिकायची. शाळा उघडली की आयांनी प्रार्थनेनंतर निघायचं आणि मागं वळून पाहायचं नाही. सुशिलाबाईंनी मधल्या सुट्टीपर्यंत थांबायचं. जो रडेल त्याच्या हाती अंगणवाडीतला ओळखीचा चिंचोक्यांचा डबा द्यायचा.

आजवर फक्त सातवीला गणित शिकवलेले गुरुजी गाण्यातल्या बेडूकउड्या मारताना दोनदा आपटले. "नाटकं कायले करता, गुरुजी? मारा अजून एक!" सुशिलाबाई कडाडल्या.

पहिल्या दिवशी आया गेल्या. एकही पोर रडलं नाही. मधली सुट्टी झाली तशा सुशिलाबाई समाधानानं उठल्या. गुरुजी त्यांच्यामागोमाग दारापर्यंत आले.

"बाई, जाऊन राहिल्या काय? थोडा वेळ थांबा ना!" ते म्हणाले.

"काऊन? पोरं तर मजेत आहेत."

"पोरांचं कोण बोलून राहिलं!"

तेवढ्यात सहा वर्षांची पुष्पांजली उठली. तिनं गुरुजींचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि त्यांच्या मांडीवर चिंचोक्यांचा डबा ठेवला.

"बाई, तुम्ही जा," ती म्हणाली, "मांगं वळून पाहू नका."