साडेपाचची बॅच

सकाळी आठची बॅच साडेपाचला आणायची, असं सरांनी ठरवलं त्याला कारण होतं. आदल्या दिवशी नऊच्या सुमाराला एक मुलगा धावता धावता मैदानावरच बसला. डोळे पांढरे, तोंड कोरडं. सावलीत नेला, मानेवर ओले रुमाल ठेवले, घोट घोट पाणी पाजलं, तेव्हा कुठे बोलला. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशाराही आलेला.

क्लबचं ऑफिस मी सांभाळते. पालकांच्या ग्रुपवर निरोप मीच लिहिला. ‘सोमवारपासून धावण्याची बॅच साडेपाच ते सात. टोपी आणि पाण्याची मोठी बाटली हवीच. उपाशीपोटी पाठवू नये, निदान एक केळं द्यावं. नेहमीप्रमाणे गेटवर मोठ्या माणसाने सही करूनच मुलांना सोडावं. वाचल्याची खूण म्हणून अंगठा पाठवावा.’

तासाभरात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अंगठे आले. मी आनंदाने सरांना सांगून टाकलं, “सगळ्यांना जमतंय हो!”

सोमवारी मुंगी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

मुंगी हे आम्ही ठेवलेलं नाव. नऊ वर्षांची, एवढीशी, पण थांबणं माहीत नाही. रिलेच्या चौघींत ती तिसरी. बॅटन घेऊन येणार आणि शेवटच्या जिराफाच्या हातात देणार. जिराफ म्हणजे बॅचमधली सगळ्यात उंच मुलगी. स्पर्धा नऊ दिवसांवर आलेली.

“शनिवारी दुसरी मुलगी घेतो,” सर म्हणाले. “बॅटन हातात बसायला रोजचा सराव लागतो. झोप मोडवत नसेल तर रिले कशाला?”

“सर, ती झोपाळू नाही.”

“मग आईबाप असतील. अंगठा तर दिलाय ना?”

मला काही ते पटेना. दुपारी मुंगीच्या आईला फोन लावला. ती इस्पितळात नर्स आहे, सध्या रात्रपाळी. नवरा नोकरीला दूरगावी. घरी सासूबाई, पण गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत.

“ताई, माझी ड्युटी सातला सुटते,” ती म्हणाली. “आठच्या बॅचला मी धावतपळत आणायचे. साडेपाचला कोण आणणार?”

“अगं, मग अंगठा का पाठवलास?”

“तुम्ही वाचल्याची खूण मागितलीत. वाचलं होतं.” ती म्हणाली, “आणि पोरांच्या जिवाचा प्रश्न. माझ्या एकटीसाठी सगळ्यांना उन्हात कसं उभं करू?”

“मुंगी काय म्हणते?”

“काही म्हणत नाही. लाटणं घेऊन खोलीत पळते. आजीला म्हणते, हात मागे कर.”

चूक तिची नव्हतीच. जमेल का, हे मी विचारलंच नव्हतं. वाचलं म्हणजे जमलं, असं मीच धरून चालले.

सरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, “वेळ मात्र बदलणार नाही.”

“बदलू नकाच. मला दुसरा निरोप लिहू द्या.”

या वेळी लिहिलं, ‘साडेपाचला मूल पोचवणं कोणाला अवघड जात असेल, तर ग्रुपवर नको, मला एकटीला कळवा. यात कमीपणा काही नाही.’ वाटलं होतं, एकच निरोप येईल. आले सहा. कोणाचं तान्हं बाळ, कोणाला पहाटेची बस. तीन दिवस ओढूनताणून आणत होते बिचारे.

मग घरं पाहून जोड्या लावल्या. दुसऱ्याच्या मुलाला आणायचं तर त्याच्या आईवडिलांचं सहीचं पत्र हवं, ही सरांची अट. जिराफाच्या वाटेवर मुंगीचं घर. जिराफाच्या वडिलांना विचारलं.

“उपकार कसले?” ते हसले. “आमच्या जिराफाला उठवता उठवता मी म्हातारा झालो. मुंगी खाली उभी आहे म्हटल्यावर लाजेने तरी उठेल.”

तरी मुंगीची आई कचरत होती. “रोज रोज लोकांना त्रास...”

“तू रात्रभर लोकांचंच करतेस ना गं बाई?” मी म्हटलं. “तासाभराने पत्र न्यायला येते.”

शुक्रवारी सव्वापाचला दोघी गेटवर हजर. जिराफाच्या वडिलांनी सही केली, मी पत्र फाईलला लावलं. सरांनी मुंगीकडे पाहिलं.

“लाटण्यावर सराव केलास म्हणे?”

मुंगीने मान खाली घातली.

“चल, दाखव.”

पहिल्यांदा बॅटन पडली. दुसऱ्यांदा जिराफ आधीच सुटली. “मुंगी, घाई नको, ती हात मागे करेल तेव्हाच दे,” सर ओरडत होते. पाचव्यांदा दोघींचा वेग जुळला आणि बॅटन या हातातून त्या हातात अलगद गेली. सरांनी वहीत शनिवारसाठी लिहिलेलं नाव पाहिलं, ते राखीव म्हणून खाली घेतलं आणि तिसऱ्या जागी मुंगीचं लिहिलं.

मी इस्पितळात फोन केला. “जमलं गं तिला. तिसरी तीच.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. “ताई, केळं खाल्लंय ना तिने? सासूबाई विसरतात हो.”

“विचारते,” मी म्हटलं आणि मैदानाकडे निघाले.