संगनमताची ओळ

म्हाळसाबाईच्या शेतातून बैलगाडी बाहेर काढायची वाट शेजारच्या पुंजारामच्या रानातून जायची. ती त्यानं बाभळीच्या काट्या टाकून बंद केली, आणि म्हाळसाबाईनं तहसीलदारांकडे केस लावली. ऊस कारखान्याला जाण्याआधी वाट मोकळी व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं.

तहसीलदार साहेब अत्यंत काटेकोर. कागदाशिवाय त्यांना उन्हाळा आहे हेही पटत नसे. पहिल्या तारखेला त्यांनी सातबारा मागितला. तो दिल्यावर शेजारच्या सगळ्या गटांचे सातबारे मागितले. ते गोळा होईपर्यंत पहिला जुना झाला, म्हणून नवा मागितला. मग निजामाच्या काळातला नकाशा. तो उर्दूत निघाला, तेव्हा त्याचा मराठी तर्जुमा. तर्जुमा आणला, तर तर्जुमा करणाऱ्याला उर्दू येतं याचा दाखला. वाट मात्र साहेबांनी एकदाही जाऊन पाहिली नाही. जीप मिळाली तर साहेब बैठकीला असत आणि साहेब मिळाले तर जीप. उरलेल्या वेळी पुढची तारीख.

या तारखांनी एक काम नकळत केलं. कचेरी औरंगाबादला, आणि गावातून तिकडं सकाळी एकच एसटी. वादी आणि प्रतिवादी तिच्यातच. सुरुवातीला म्हाळसाबाई पुढं बसायची, पुंजाराम मागं. मग गर्दी वाढली आणि वैराला जागा उरली नाही. तारीख पडली की दिवस वाया गेलेलाच असायचा, म्हणून दोघं गुलमंडीवर आपापली खरेदी उरकून स्टँडवर एकाच बाकावर भाकरी सोडत.

"बाई, ठेचा घ्या. आमच्या कारभारणीनं, आवडाबाईनं, तुमच्यासाठी येगळा बांधलाय."

"केस हाय माझी तुमच्यावर, भाऊ."

"केस वाटंची हाय. ठेच्याची नाय."

हिवाळा लागला, ऊस तोडणीला आला. त्या दिवशी साहेबांनी तर्जुम्यावर नोटरीचा शिक्का मागितला आणि तारीख दिली. म्हाळसाबाई कचेरीबाहेर आली ती थेट अर्जनवीस रामकिसनच्या टेबलापाशी.

"लिही रं, कलेक्टरला. ह्यो मानूस मला कागदातच पुरणार."

रामकिसननं लिहिलं. हात सराईत. कुठल्या तारखा पडल्या, कुठले कागद मागितले, सगळं बरोबर उतरवलं. शेवटी, कुठल्याही तक्रारीत घालतो तशी, एक ओळ घातली: 'सदर अधिकारी प्रतिवादीशी संगनमत करून जाणीवपूर्वक विलंब करीत आहेत. तरी केस दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग व्हावी.' त्या ओळीवाचून तक्रार म्हणजे मिठावाचून आमटी, असं त्याचं मत. वाचून दाखवताना ती ओळ यायच्या आधीच तिची गाडी सुटायची वेळ झाली. "बाकी नेहमीचंच हाय," म्हणत त्यानं अंगठा घेतला. अर्ज गेला.

पुढच्या तारखेला पुंजाराम एसटीत तिच्याशेजारी येऊन बसला.

"बाई, ऐका. तूर निघाली माझी. बांधाच्या कडंनं गाडीभर रुंद वाट देतो. या खेपेला साहेबापुढं तडजोड लिहून देऊ. लई झालं हे."

म्हाळसाबाईनं होकाराची मान हलवली.

कचेरीत तडजोड द्यायला गेले, तर साहेब म्हणाले, "तक्रार माझ्याविरुद्ध आहे. चौकशी होईतो या केसमध्ये मी एक अक्षर लिहिणार नाही." त्यांच्या कारकिर्दीतलं हे पहिलं रास्त कारण.

म्हाळसाबाई धावत रामकिसनकडे गेली. "माघारी घे त्यो अर्ज."

"माघारी घेता येतो, पण अर्जाची नोंद होऊन नंबर पडलाय. चौकशी व्हायची ती होणार."

झालीही. कलेक्टर कचेरीत दोन्ही पक्षांना म्हणणं मांडायला बोलावलं. तिथल्या अधिकाऱ्यानं पुंजारामला तक्रारीची प्रत दिली. त्यानं ती उभ्याउभ्या वाचली, संगनमताच्या ओळीवर थांबला, मग पुन्हा वाचली.

"म्हंजे मी साहेबाला फितवला व्हय? अन् तुमच्यासंगं भाकरी खात होतो?"

"भाऊ, मला ठावं नव्हतं—"

त्यानं प्रत घडी घालून खिशात ठेवली. अधिकाऱ्याला म्हणाला, "माझी तडजोड नाय. होऊ द्या निकाल."

उशिराची तक्रार खरी ठरली. साहेबांना ताकीद मिळाली, केस शेजारच्या तहसीलदारांकडे वर्ग झाली. नवे साहेब भले निघाले. जीप नव्हती तर मोटारसायकलवर आले, वाट पाहिली, पंचनामा केला, आधीच्याच कागदांवर निकाल दिला. बांधाच्या कडेनं, गाडीभर रुंद. पुंजाराम एसटीत देत होता तीच वाट, तीच जागा.

उसाची गाडी निघाली तेव्हा पुंजाराम बांधावर उभा होता. म्हाळसाबाईनं बैल थांबवले.

"भाऊ, ती ओळ माझी नव्हती."

"अंगठा कुणाचा व्हता?"

पुंजारामनं वाटेत राहिलेली एक काटी उचलून बाजूला फेकली, बैलांच्या पायात जाऊ नये म्हणून.

"निघा बाई. निकाल हाय तुमच्याकडं. माझ्या परवानगीची गरज नाय."