बंद केलेले बाण

वरदने आकांक्षाच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये विमच्या कळा बसवल्या, म्हणजे माऊसशिवाय अक्षरांच्या कळांनीच सगळं करायची पद्धत. तिने मागितल्या होत्या का?

नाही.

"वरददादा, मला माऊसनं जमून राह्यलंय की."

"जमणं वेगळं. हात कीबोर्डवरून हलायलाच नको." कर्सर हलवायला एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. लिहायचं तर आधी आय दाबायचं, लिहून झालं की एस्केप. एवढं शिकवून त्याने सेटिंगमध्ये तिच्या बाणाच्या कळा मारून टाकल्या. सवय लागावी म्हणून. त्याच्या मते चांगल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यातल्या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात साहेबराव आले. धान्याचे आडते. त्यांच्या पावतीच्या प्रोग्रॅमचं काम आकांक्षाकडे द्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. तिची ट्रायल संपत आलेली. हे काम मिळालं तरच ती कायम.

"पावतीवर निव्वळ वजन पाहिजे, अन् त्याच्या खाली हमाली," साहेबराव म्हणाले.

तिने कीबोर्ड मराठीवर घेतला, आय दाबून झालेलंच होतं, 'निव्वळ वजन' लिहिलं. एस्केप. जे.

काही नाही.

जे. जे. मग बाण. बाण मेलेले. माऊसने खालच्या ओळीवर गेली, आय दाबलं. काही नाही.

मागे उभ्या वरदला तेव्हाच कळलं. कीबोर्ड अजून मराठीवर होता. जे दाबलं की 'र' जात होता, आय दाबलं की 'ग', आणि त्या अक्षरांना एडिटरमध्ये कसलीच आज्ञा जोडलेली नव्हती. काल सराव इंग्रजी फाईलवर झालेला. मराठीत काय होईल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

बोल. बोल ना, तो स्वतःलाच मनात म्हणाला.

"पोरीला एवढं लिहिता येईना का?" साहेबराव हसले.

"वरद, तू बस," नरहर सर म्हणाले. ते ऑफिसचे मालक.

वरद बसला. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर. जे. खाली. ओ दाबून नवी ओळ, पुन्हा मराठी, 'हमाली'.

"बराबर! याला म्हणतात हात. आमचं काम यांच्याकडंच ठेवा, सर."

आकांक्षा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वरद "थँक यू" म्हणाला. खरंच म्हणाला.

साहेबराव गेल्यावर तो नरहर सरांसमोर उभा राहिला.

"सर, तिची चूक न्हाई. कळा मी बसवल्या. बाण मी बंद केले. कीबोर्ड मराठीवर राहिला की त्या चालत न्हाईत, हे मी तिला सांगितलंच न्हाई."

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

याला उत्तर होतं. कौतुक झालं, बरं वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "चुकलं, सर."

"मला सांगून काय होतंय? मत त्यांचं झालंय. लाव फोन. स्पीकरवर."

रिंग गेली. आकांक्षा आपल्या खुर्चीतून पाहत होती, पण त्याच्याकडे नाही, फोनकडे.

"हां, बोला इंजिनियरसाहेब!"

"साहेबराव काका, मघाशी ती अडली ना, ते माझ्यामुळं. तिच्या बाणाच्या कळा मी बंद केल्या होत्या."

"कशाचे बाण?"

वरद पहिल्यापासून सांगायला लागला.