ळ नसलेला टाइपरायटर

मित्रांनो, मी मराठी टाइपरायटर आहे. वयानं म्हातारा, वजनानं नऊ किलो, आणि गेली कित्येक वर्षं परदेशात राहणारा.

माझा जन्म कारखान्यातला. पहिली बारा वर्षं मी कोर्टाबाहेर एका टायपिस्टाच्या टेबलावर काढली. त्यानं मला विकलं ते फिटरकाकांना. काकांना परदेशातल्या बसदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सामान बांधताना काकूंनी विचारलं, "हे धूड कशाला?" काका म्हणाले, "तिथं मराठी छापखाना नसणार." काकूंनी दोन पातेली बाहेर काढली आणि त्या जागी मला बसवलं.

तिकडच्या गावात आपली अकरा कुटुंबं होती. कुणी कारखान्यात, कुणी इस्पितळात, कुणी गिरणीत. दर दुसऱ्या रविवारी शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन सगळे जमत. पण पाळ्यांची कामं असल्यामुळं निम्मे लोक येऊ शकत नसत. मग काकांनी दर दोन महिन्यांनी निघणारं पत्रक सुरू केलं. माझी फीत बाजूला करून ते मेणाच्या कागदावर टाइप करत. माझी अक्षरं मेण कापत, आणि त्या कागदावरून यंत्रानं साठ प्रती निघत, काही आसपासच्या गावांतल्या मराठी घरांतही जात. त्यात कुणाकडं बाळ झालं, कुणाचे वडील गावाकडं वारले, कोण कधी मायदेशी चाललंय आणि त्याच्या बॅगेत किती जागा आहे, हे सगळं असे. वडील गेल्याची बातमी वाचून बाकीच्या दहाही घरांतून माणसं भेटायला जात, कारण गावी जाऊन रडणं कुणालाच शक्य नसे.

शेवटचं पान काकूंचं. त्या बायकांना फोन करून विचारत, "तुमच्याकडं याला काय म्हणायचे? हे गाणं कसं म्हणायचे?" एकीची ओळ दुसरीला पटत नसे. अशा वेळी काकू दोन्ही ओळी छापत आणि खाली दोघींच्या गावांची नावं देत.

तिसऱ्या वर्षी माझा ळ तुटला. अक्षराचा तुकडा उडून कुठं गेला ते कळलंच नाही. काकांनी गालिचा झटकला, केर ओढणाऱ्या यंत्राची पिशवी उपसली. गावी पत्र पाठवलं, तर तिकडून चार महिन्यांनी ण आला. काका बंद पडलेल्या बसगाड्या हातानं चालू करणारे गृहस्थ, पण तेवढंसं अक्षर काही त्यांना घडवता आलं नाही.

"आता ळ नसलेले शब्द वापरू," काका म्हणाले.

"मग बाळ झालं तर काय छापणार? अपत्य?" काकूंनी विचारलं.

त्या दिवसापासून काका ळच्या जागी मोकळी जागा सोडत आणि काकू बोथट सुईच्या लेखणीनं मेणावर ळ कोरत. एका अंकात शंभर-दीडशे तरी निघत. त्यांचा ळ जरा मोठा होता, शेपटी डावीकडं वळलेली. रविवारी सभागृहात भरणाऱ्या मराठी वर्गातली मुलंही तसाच काढू लागली. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तर एकजण म्हणाला, "बाकीची अक्षरं मशीनची असतात. ळ हाताचा असतो."

काकांच्या मुलीला घरात ठकी म्हणत. ती दहा वर्षांची झाल्यावर मराठी बोलायची बंद झाली. आई मराठीत विचारी, ती तिथल्या भाषेत उत्तर देई. मैत्रिणी आल्या की मला चादरीखाली झाकून ठेवी. मी तिला दोष देत नाही. शाळेत तिच्या डब्याला हसत असत.

ती सतरा वर्षांची असताना काकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण फक्त मराठीत. एकोणीस वर्षं ज्या भाषेत त्यांनी धुलाईखान्यात काम केलं, ती भाषा जणू पुसून गेली होती. परिचारिका विचारत आणि काकू नुसत्या बघत राहत. काकांची दिवसपाळी. म्हणून शाळा सुटल्यावर ठकी आईजवळ बसू लागली.

पहिल्या आठवड्यात काकू दोन दिवस "कळ, कळ" म्हणत होत्या. ठकीला वाटलं, दिव्याची कळ. तिनं दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी काका सुट्टी काढून आले आणि म्हणाले, "अगं, तिच्या पोटात कळ येतेय." औषध मिळालं. ठकी वऱ्हांड्यात जाऊन बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

अंकाची तारीख जवळ आली होती. काकूंनी आजारी पडण्याआधी आपल्या माहेरच्या सुगीवर लेख लिहून ठेवला होता. काकांनी तो टाइप केला, पण ळ कोण कोरणार? त्यांचा हात कारखान्याचा, लेखणी धरली की कागद फाटे. अंक बंद करू, असं ते म्हणाले. ठकीनं मेणाचा कागद पुठ्ठ्यात घातला आणि इस्पितळात नेला.

पहिला कागद तिनंही फाडला. काकांनी रात्रपाळीवरून आल्यासारखे डोळे चोळत तो पुन्हा टाइप केला.

"दाबू नकोस," काकू अंथरुणातून म्हणाल्या. "साय बाजूला करतो ना, तसं."

सकाळ, वेळ, डोळे हे शब्द ठकीला येत होते. मग आला ख, पुढं मोकळी जागा आणि तिच्यावर एकटं टिंब.

"आई, हे काय आहे?"

"खळं."

"म्हणजे?"

काकूंनी डाव्या हातानं चादरीवर गोल काढला. इथली जमीन शेणानं सारवायची. मधे खांब रोवायचा. भोवती बैल फिरवायचे. कणसांतून दाणे सुटतात, ती मळणी. मग वाऱ्याची वाट बघायची.

"आणि वारा नाही आला तर?"

"तर बसायचं. माझी आई बसून बोलत राहायची. मला सगळं तिथंच कळलं."

मोकळी जागा ळची की दोन शब्दांमधली, हे न कळल्यामुळं ठकीला प्रत्येक शब्द विचारावा लागला. एका पानाला चार संध्याकाळी लागल्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुम्ही दोघी किती भांडता. त्या भांडत नव्हत्या. "आजोळ"वर अडल्या होत्या.

अंक निघाला, नऊ दिवस उशिरा. त्यातले ळ वेडेवाकडे होते, काही उलटेही. एका गृहस्थांनी तक्रार केली. पण पुढच्या रविवारी सभागृहात जागा पुरली नाही.

काकू आणखी चार वर्षं जगल्या. ठकी त्यांच्यासाठी डॉक्टरांशी बोले, डॉक्टरांचं त्यांना सांगे, आणि शेवटच्या पानासाठी बायकांना फोनही तीच करू लागली. पुढं संगणक आला. त्यात सगळी अक्षरं होती. मी कपाटावर गेलो, माझ्यावर जुन्या वह्या आल्या, आणि अठरा वर्षं मला कुणी हात लावला नाही.

परवा ठकीच्या मुलीनं मला खाली काढलं. तिला कॉलेजात निबंध लिहायचा होता, परदेशी गेलेले लोक मायदेशाच्या आठवणी कशा टिकवतात यावर. तिनं जुने अंक क्रमानं लावले, फोटो काढले आणि आईला पहिलं वाक्य वाचून दाखवलं : आमच्या कुटुंबानं परंपरा जपली.

ठकी आता पन्नाशीची आहे. ती म्हणाली, "जपली हा शब्द काढ. मी ती चादरीखाली झाकत होते."

"मग काय लिहू?"

"लिही, की आईची भाषा मला येत नव्हती, आणि ती आजारी होती."

मुलीनं ते लिहिलं. मग वही मिटता मिटता थांबून तिनं विचारलं, "आई, वाऱ्याची वाट का बघायची?"

ठकीनं खुर्ची पुढं ओढली.

मित्रांनो, मला तेलपाणी केलंत तर आनंदच आहे, पण न केलंत तरी माझं काही बिघडत नाही. मी लोखंडाचा आहे. तुमच्या घरात एखादा शब्द असेल, जो एकाच माणसाला ठाऊक आहे. तो आज विचारा. ते माणूस समोर बसलेलं असताना विचारा.