गोधडीखालचा गार्ड

रंगरावांना आपल्या ट्रकचा केवढा अभिमान! पण त्या दिवशी नेमकी त्याचीच लाज वाटायला लागली. लोणी काळभोरच्या त्यांच्या घरी संध्याकाळी पाहुणे येणार होते, तेही थेट सदाशिव पेठेतले. नम्रतानं, त्यांच्या लेकीनं, ज्याला पसंत केलं होतं त्या आमोदचे आईवडील. पोरांचं आपसांत कधीच ठरलं होतं. आमोदचे वडील गोपाळकृष्ण मात्र अजून ‘बघू’वरच अडून बसले होते. पुणेरी माणसाचं ‘बघू’ काय चीज असते, हे रंगरावांना पेठापेठांतून विटा पोचवून पक्कं ठाऊक होतं. आज होकार नाहीतर नकार, काय तो सोक्षमोक्ष लागणार होता.

“अवं, त्यो ट्रक हलवा की,” मुक्ताई म्हणाल्या. “दारात हत्ती बांधल्यावानी दिसतंय. रांगोळी कुठं काढू मी?”

बायकोचं ऐकावं तर असं. रंगरावांनी ट्रक नेऊन सोलापूर रस्त्याच्या कडेला लावला. कडेची माती भुसभुशीत, म्हणून अर्धा ट्रक डांबरावरच. मागचा फाळका विटांच्या धुळीनं माखलेला. पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको, म्हणून दसऱ्याला घेतलेली निळी ताडपत्री मागून झोकात खालपर्यंत सोडली. फाळक्यावरची लाल रेडियमची पट्टी तिच्याआड गेली, मागचे दिवेही गेले. पार्किंग लाइट लावायचा तर प्रश्नच नव्हता. “उगं बॅटरी उतरती,” हे रंगरावांचं ब्रह्मवाक्य. मागं दोन धोंडे ठेवले, बाभळीची एक फांदी टाकली, आणि स्वारी शीळ घालत घरी आली.

आणि मागचा गार्ड, धडकलेली गाडी ट्रकखाली शिरू नये म्हणून लावतात तो लोखंडी आडवा दांडा? तो होता की, घरी! आरटीओत फिटनेस पास करायच्या वेळी हडपसरला जाऊन नवाकोरा बसवून घेतला होता. मग वीटभट्टीच्या चढावर तो खाली घासायला लागला, तसा रंगरावांनी बोल्ट काढून अंगणात दोन दगडांवर आडवा टाकला. मुक्ताई त्यावर गोधड्या वाळत घालायच्या. आज पाहुण्यांसाठी म्हणून त्यातल्या त्यात चांगली गोधडी त्यावर पांघरली होती, इतकंच.

पाहुणे आले ते चांगलं अंधारून आल्यावर. आमोद गाडी चालवत होता. वाटेत हडपसरला नम्रताला तिच्या ऑफिसातून घेतलं होतं. उतरल्या उतरल्या आमोदच्या आईनं, मंदाकिनीबाईंनी, पाणी मागितलं. आमोदचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं वो? वाटंत काय तरास?” रंगरावांनी विचारलं.

“छे, त्रास कसला,” गोपाळकृष्ण खुर्चीत टेकत म्हणाले. “तुमच्या गावच्या वळणाआधी एका सद्गृहस्थांनी रस्त्यात भिंत बांधून ठेवली आहे. ट्रकच्या आकाराची. ना दिवा, ना पट्टी. फांदी होती म्हणा, पण ती दिसली चाकाखाली आल्यावर. आमोदनं ब्रेक दाबला म्हणून आपले पोहे खायला मिळतायत.”

“कोण हाय त्यो येडा?” रंगराव उसळले. पाहुण्यांवर छाप पाडायची याहून चांगली संधी कुठली? “अशा लोकांचं लायसनच फाडून टाकाय पायजे. माणसं मरत्याल की! गार्ड तरी हुता का मागं?”

“गार्ड असता तर तोही ताडपत्रीत गुंडाळला असता. छान निळी ताडपत्री आहे हो, नवी दिसली. दिवे आतच. बिचाऱ्यांना बाहेर यायची लाज वाटली असेल.”

निळी, नवी ताडपत्री! रंगरावांना आपला ट्रक ओळखू आला. त्यांनी मुक्ताईंकडं पाहिलं. मुक्ताई छताकडं बघत होत्या. नम्रता बशीतलं खोबरं निवडत बसली होती.

“तुम्ही या धंद्यातले,” गोपाळकृष्णांनी चहाचा कप शांतपणे उचलला. “तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करावं?”

आता बोला! खरं बोलावं तर लेकीचं लग्न मोडणार. खोटं बोलावं तर... रंगरावांनी खोटंच बोलायचं ठरवलं. “भायेरच्या राज्यातली आसंल गाडी,” ते पुटपुटले. “त्येंला काय कळतंय, रात्री हितं थांबत्यात...”

नम्रतानं बशी खाली ठेवली. नुसती ठेवली, आवाजसुद्धा झाला नाही. पण लहानपणी खोटं बोलली की याच बापाकडून पाठीत धपाटा खाल्लेली पोर ती. रंगरावांनी तिच्याकडं पाहिलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “माझीच हाय ती गाडी. पट्टी हाय, दिवे हायती, पर मीच झाकलं. आन् गार्ड त्यो बगा, भायेर गोधडीखाली. आता तुमी काय म्हणाल ते खरं.”

“माहीत आहे,” गोपाळकृष्ण म्हणाले.

“आं?”

“ट्रकच्या मागे एक चप्पल टांगली आहे, ताडपत्रीच्या खालून लोंबते. आम्ही थांबलो ते अगदी तिच्या पुढ्यात. तुमची लेक ओरडली, ‘अय्या, ही माझी चौथीतली चप्पल!’ ट्रकला दृष्ट लागू नये याची काळजी तुम्ही घेतलीत, रंगराव. तो कुणाला दिसावा, एवढंच राहून गेलं.” त्यांनी कप खाली ठेवला. “नम्रता म्हणाली, बाबा स्वतःहून सांगतील. मी म्हटलं, बघू.”

मंदाकिनीबाईंना हसू आवरेना. मुक्ताई तर पदर तोंडाला लावून आतच पळाल्या. रंगरावही हसले, जीव भांड्यात पडल्यासारखे हसले. “मग झालं का बघून?” त्यांनी विचारलं. “झालं,” गोपाळकृष्ण म्हणाले. “पण साखरपुड्याआधी तेवढी भिंत हलवा.”

रंगराव आणि आमोद टॉर्च घेऊन लगेच निघाले. दोघांनी ताडपत्री वर बांधली. त्याबरोबर टॉर्चच्या झोतात लाल पट्टी अशी लखकन उठली की रंगरावांचेच डोळे दिपले. काय बिशाद कुणाची, ही न दिसायची! केबिनमध्ये चढून त्यांनी पार्किंग लाइट लावला, इंडिकेटरही चालू केले. मग धोंडे आणि फांदी उचलायला ते मागं आले.

डांबरावर आमोदच्या गाडीच्या चाकांचे काळे ओरखडे होते. ट्रकच्या पार जवळ येऊन संपले होते. रंगरावांनी त्यावर टॉर्च मारला, मग हळूहळू वर नेला. गार्ड असता तर गुडघ्याच्या उंचीला असता आणि गाडीचं बॉनेट त्याला अडलं असतं. आता तिथं नुसती पोकळी होती. गाडी सरळ आत शिरली असती, आणि ट्रकच्या हौद्याची कड आली असती काचेवर, डोक्याच्या उंचीला. रंगराव चपलेजवळ उभे राहिले. गोपाळकृष्णांनी चेष्टेत सांगितलं तेव्हा हे असं दिसलं नव्हतं.

“आमोद,” त्यांनी विचारलं, “पुढं, तुमच्या शेजारी कोण बसलं हुतं?”

“आईच बसते नेहमी. तिला गाडी लागते.” आमोद जरा घुटमळला. “आज ती म्हणाली, नम्रताला बसू दे.”

रंगरावांनी धोंडे आणि फांदी उचलून कडेला टाकली. ट्रक घेऊन ते थेट अंगणात आले, मुक्ताईंच्या रांगोळीवरून. मुक्ताई ओरडायला पुढं आल्या, पण नवऱ्याचं तोंड बघून गार्डकडं वळल्या. त्यांनी स्वतःच गार्डवरची गोधडी काढली. आमोदनं एका बाजूनं गार्ड उचलून धरला, रंगराव ट्रकखाली शिरले. एकेक बोल्ट आवळला. परत पहिल्यापासून आवळला.

“घट्ट बसला, बाबा,” आमोद म्हणाला. “आता हलत नाही.”

तरी रंगरावांनी पाना सोडला नाही.