तीनशे वीस रुपयांचा फरक

त्या रविवारी बाबांनी लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, जरा तपासा. अकाउंट्सवाले आता कागद घेत नाहीत, मेल मागतात."

मी दिल्लीतल्याच मुनिरकातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून आईबाबांच्या घरी, द्वारकेला, जेवायला आले होते. आई वरण फोडणीला टाकत होती. बाबा सरकारी हातमाग कार्यालयात कापडाचे नमुने तपासायचे. पानिपतचा दोन दिवसांचा दौरा आटोपून ते गुरुवारी परतले होते, त्याच्या खर्चाचा तो मेल होता. माझी पीएचडी इंग्रजीतली, त्यामुळे घरातलं सगळं इंग्रजी माझ्याकडे तपासायला यायचं.

"बाबा, दौरा झाला ना? मग 'मी पानिपतला जात आहे' काय?"

"मनाने अजून तिथेच आहे मी."

"आणि 'ताबडतोब पैसे द्या'? सावकार आहात का?"

"मग काय, पाया पडू?"

मी 'मंजुरी द्यावी ही विनंती' असं केलं. क्रियापदं भूतकाळात नेली. मग बिलं लावून आकडे पाहिले. राहण्याचे चौदाशे, जेवणाचे सहाशे, परतीच्या टॅक्सीचे अठ्ठावीसशे. एकूण चार हजार आठशे. जाताना ऑफिसची गाडी होती. येताना नमुन्यांचे गठ्ठे होते, म्हणून टॅक्सीची परवानगी घेतलेली. पण टॅक्सीचं बिल होतं तीन हजार एकशे वीसचं.

"तीनशे वीस कमी लावलेत."

"ते माझे आहेत. सोड."

"बिल आणि क्लेम जुळला नाही तर परत पाठवतील. कारण लिहा."

"लिहितो," ते म्हणाले. कसलं कारण, ते मी विचारलं नाही. मला मेट्रो गाठायची होती.

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या ऑफिसच्या अकाउंट्समधून विष्णूजींचा फोन आला. "बेटा, साहब का पानिपत वाला क्लेम आया नहीं. मम्मी के नाम से मेल कर दो, डेथ सर्टिफिकेट और बिल साथ लगा देना. देर मत करना, इसकी मियाद होती है."

मी लॅपटॉप उघडला. मेल ड्राफ्टमध्येच होता. माझ्या दुरुस्त्या तशाच होत्या, आणि शेवटी बाबांनी रविवारी रात्री एक ओळ जोडली होती. पहिल्यांदाच त्यांच्या इंग्रजीत मला काही दुरुस्त करावं लागलं नाही. 'टॅक्सी खासगी कामासाठी मुनिरकामार्गे आणली. त्याचे तीनशे वीस रुपये मी स्वतः भरले.'

मी बिल पुन्हा काढलं. रविवारी मी फक्त बेरीज पाहिली होती. आता तपशील वाचला: जादा अंतराचे दोनशे वीस, थांबण्याचे शंभर. अर्धा तास.

गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. "इकडूनच चाललोय, येऊ का पाच मिनिटं?" मी म्हणाले, लायब्ररीत आहे, वेळ लागेल. "बरं, वाच," म्हणाले. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, गल्लीकडे खिडकी. आत दिवा असला की खालून दिसतो.

आई शेजारी येऊन बसली. तिच्या नावाने मेल जाणार होता, म्हणून मी एकेक वाक्य तिला मराठीत सांगत गेले. 'मी' होतं तिथे 'माझे पती कै. सूर्यकांत' केलं. क्रियापदांना हात लावावा लागला नाही. ती आधीच भूतकाळात होती. शेवटची ओळ मी वाचली तेव्हा आईने मान वर केली.

"मुनिरका? मला म्हणाले, ट्रॅफिक होतं. तुझ्याकडे आले होते?"

"खालपर्यंत."

"म्हणजे?"

"मी फोनवर सांगितलं, लायब्ररीत आहे."

आईने स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मग भेट झालीच नाही. काम झालं नाही तर खासगी काम कसलं? काढून टाक ती ओळ. पूर्ण बिल लाव. पैशांसाठी नाही गं. आपल्याच मुलीला बघायला गेले, आणि ते असं ऑफिसात लिहून द्यायचं... तुझाही काही दोष नाही, तू अभ्यासात होतीस."

कर्सर त्या ओळीशेवटी लुकलुकत होता. ओळ पुसून पूर्ण बिल लावलं असतं तर बिल आणि क्लेम नीट जुळले असते. विष्णूजींनीही काही विचारलं नसतं.

"ती राहू दे, आई. बाबांनी खरं तेच लिहिलंय."

"प्रमो, हट्ट कशाला?"

मी 'पाठवा'वर क्लिक केलं. मग लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडे वळले.

"आई, त्या दिवशी मी लायब्ररीत नव्हते. खोलीवरच होते. दिवा लावून वाचत बसले होते."